धागा: घाटात गाडी अडकते – लेव्हल १४ ते २२ चा कंटाळा, एक्सपीचं सूत्र आणि एक शीट

करवंद
नमस्कार मंडळी. गोडोमध्ये एक छोटा टू-डी आरपीजी बनवतेय, नोकरी सांभाळून, एकटीच. तीस लेव्हल आहेत आणि तीन भाग: लेव्हल १२ पर्यंत रान, १३ ते २२ घाट, २३ पासून गड. ज्यांना खेळायला दिला त्यातल्या जवळपास सगळ्यांचं एकच म्हणणं, रान मस्त, गड मस्त, घाटात मात्र जाम बोअर होतं, नुसती तीच तीच तरसं मारत बसायची. दोघांनी तर तिथेच सोडून दिला.

पुढच्या लेव्हलला लागणारा एक्सपी असा काढते:

```
need = 100 * pow(1.15, level - 1)
```

आणि आपल्याच लेव्हलच्या शत्रूला मारलं की 8 + 2*level इतका मिळतो. शिवाय क्वेस्टचे वेगळे. शीटमध्ये need चा ग्राफ काढला तर एकदम गुळगुळीत चढत जातो, १४ ला किंवा २२ ला कुठेच टेंगूळ दिसत नाही. मग लोकांना टेंगूळ लागतंय कुठून? आकडा बदलू, की सूत्रच बदलू?

लेव्हल९९
घाटात तरसं मारू नका हो, वेळ जातो नुसता. एखादी अशी जागा शोधा जिथे शत्रू लगेच परत येतात, तिथे उभं राहून एरिया अटॅक मारत राहायचं, तासाभरात चार पाच लेव्हल आरामात. कुठल्या सर्व्हरवर आहात?

करवंद
@लेव्हल९९ अहो मी खेळत नाहीये, मी बनवतेय :D पण हेही लिहून ठेवते, कारण खेळणारे नेमकं हेच करणार.

पॉवरवाला
सोप्पंय. 1.15 चं 1.10 करा. एक्स्पोनेन्शियलमध्ये पाया थोडा कमी केला की पुढे प्रचंड फरक पडतो. लेव्हल २० ला आत्ता १४२३ लागतात, 1.10 ने ६१२ लागतील. निम्म्याहून कमी. विषय संपला.

खडूस_बाबा
विषय संपला नाही, सुरूही झालेला नाही.

करवंद, तुम्ही चुकीच्या कॉलमचा ग्राफ बघताय. खेळणाऱ्याला एक्सपी जाणवत नाही, त्याला वेळ जाणवतो. ५०० एक्सपी लागतात म्हणजे जास्त की कमी हे त्याला कळत नाही, "अजून किती वेळ हेच करायचं" हे बरोबर कळतं. त्यामुळे need हा शेवटचा कॉलम समजू नका, त्यातून क्वेस्टचा एक्सपी वजा करा, उरलेल्याला एका शत्रूच्या एक्सपीने भागा म्हणजे किती मारावे लागतात ते येईल, आणि त्याला एक शत्रू मारायला लागणाऱ्या सेकंदांनी गुणून मिनिटं काढा. ग्राफ त्या मिनिटांचा.

आणि सेकंद अंदाजाने टाकू नका. दोन किलमधलं अंतर लॉगमधून घ्या, म्हणजे त्यात चालणं, औषध पिणं, मरून परत येणं सगळं धरलं जातं. तिन्ही भागांचे वेगळे.

मूळ भानगड अशी आहे की तुमची गरज गुणाकाराने वाढतेय आणि मिळकत बेरजेने. दर लेव्हलला गरज १५ टक्के वाढते, शत्रूचा एक्सपी मात्र दर लेव्हलला फक्त २ ने. लेव्हल ५ ला १७५ भागिले १८ म्हणजे दहाच्या आत शत्रू, लेव्हल २० ला १४२३ भागिले ४८ म्हणजे तीसेक. हे फाटत जाणारच. रानात आणि गडात ते कशाने तरी झाकलं जातंय, बहुतेक क्वेस्टने. घाटात झाकायला काही नाही म्हणून उघडं पडलं. पण हा माझा अंदाज, आधी क्वेस्टचा कॉलम टाका.

करवंद
बाबा, अगदी हेच निघालं. क्वेस्टचा कॉलम मी शीटमध्ये टाकलाच नव्हता कारण ते आकडे डायलॉगच्या फायलींमध्ये विखुरलेत. आज सगळे गोळा केले. लेव्हल १० च्या आसपास क्वेस्टचे १५० मिळतात, १५ ला जेमतेम ६०, १८ पासून २२ पर्यंत शून्य (तिथे पुढची गोष्ट लिहायची राहिलीय), आणि गडात शिरल्या शिरल्या २३ ला १५००, २५ ला २०००, २८ ला ३३००. गडातले आकडे मीच फुगवले होते, तिथे फार मारावं लागत होतं म्हणून.

लॉगमधून सेकंदही काढले: रानात सरासरी १८, घाटात ३१, गडात २४. घाटातच जास्त, कारण चांगली तलवार थेट लेव्हल १९ ला मिळते आणि तोवर तरसांचं रक्त भरपूर.

सूत्रं अशी टाकलीत, A लेव्हल, B गरज, C शत्रूचा एक्सपी, D क्वेस्ट, E किती मारायचे, F एका शत्रूचे सेकंद, G मिनिटं:

```
E2: =MAX(0,B2-D2)/C2
G2: =E2*F2/60
```

आता टेंगूळ दिसतंय. लेव्हल १० ला २.२ मिनिटं, १५ ला ८.८, २० ला १५.३, २२ ला १८.७ आणि २३ ला एकदम पाच. डोंगर आणि पुढे कडाच.

नाचणी
मी हा गेम खेळलेय (करवंद माझी मैत्रीण). मी २१ ला सोडला. पण खरं सांगू, मला मिनिटांचं काही वाटलं नाही, मी इतर गेममध्ये याहून जास्त घासलंय. मला हे खटकलं की १३ ते १९ मध्ये काहीच नवीन मिळत नाही, ना नवीन वार, ना नवा शत्रू, ना कोणी बोलायला. लेव्हल वाढली की आकडा वाढतो आणि तेच तरस परत समोर. तू सूत्र कितीही बदल, हे कसं जाणार?

पॉवरवाला
पण 1.10 ने डोंगर कमी होतोच ना? २० ला १२-१३ शत्रू येतात, चेक करून बघा.

खडूस_बाबा
घाटात होतो कमी, बरोबर आहे तुमचं. आता त्याच शीटमध्ये खाली बघा. 1.10 ने लेव्हल २५ ला गरज ९८५ आणि क्वेस्टचे मिळतात २०००. म्हणजे एका क्वेस्टमध्ये २५ भरून २६ पण जवळपास भरते, गडात कोणी एकही शत्रू मारला नाही तरी चालेल. E कॉलममध्ये MAX(0 आहे म्हणून ते निमूट शून्य दाखवतं, काढून टाका म्हणजे उणे आकडे दिसतील. आणि वर लेव्हल १० ला २३६ वजा १५०, भागिले २८, म्हणजे तीन शत्रू. रान मस्त आहे असं लोक म्हणतायत, तेही मोडलंत. एक पाया बदलला की सगळ्या ओळी हलतात, तुम्हाला तर मधल्याच हलवायच्यात.

एक्स्पोनेन्शियल वाईट असं नाही. रुनस्केपचं टेबल दर सात लेव्हलला साधारण दुप्पट होतं, म्हणून ९९ ला लागणाऱ्या एकूण एक्सपीचा अर्धा रस्ता ९२ ला येतो. पण तिथे वर जाताना मिळकतही तशीच वाढत जाते, नवी झाडं, नवे मासे, आणि महिनोन् महिने खेळणं हीच मजा आहे. तुमचा गेम तीस लेव्हलचा, एका सुट्टीत संपणारा.

शाळामास्तर
मी पाढ्यांसाठी वर्गात असंच तारे द्यायचं टेबल केलंय, पोरं दिवाळीनंतर ढिली पडतात. पहिली "बिल्ला" पातळी १० ताऱ्यांची आणि मग दुप्पट दुप्पट. इथलं वाचून कळलं की आठवड्याला मिळणारे तारे मात्र तेवढेच राहतात, म्हणजे चौथ्या पातळीपर्यंत सहामाही संपते. शीटमध्ये सूत्र खाली ओढलं की माझा वरच्या कोपऱ्यातला आकडा पण खाली सरकतो, त्याला काय करायचं?

खडूस_बाबा
मास्तर, त्या सेलच्या नावात डॉलर टाका, J1 चं $J$1. मग ओढलं तरी हलत नाही.

करवंद
बाबा, मग सूत्र कुठलं घेऊ? L चा वर्ग, L चा घन असं बरंच वाचलं पण कुठला का, ते कळत नाही.

खडूस_बाबा
आधी सूत्र निवडून मग मिनिटं बघायची नाहीत. उलटं करा. आधी ठरवा की कुठल्या लेव्हलला किती शत्रू मारायला लावायचे, आणि त्यातून गरज काढा.

समजा तुम्हाला सुरुवातीला सहासात आणि शेवटी वीसेक हवेत, मध्ये सरळ रेषेत वाढत जाणारे. तर शत्रूंची संख्या 6 + 0.5*L. शत्रूचा एक्सपी तुमचाच, 8 + 2*L. दोन्हींचा गुणाकार केला तर (L+4)*(L+12) येतं, कागदावर करून बघा. बघा, वर्ग आपोआप आला. मिळकत सरळ रेषेत आणि कष्टही सरळ रेषेत, तर गरज वर्गातच येणार, त्यात निवडायला काही उरतच नाही. उद्या तुम्ही शत्रूचा एक्सपी बदललात तर हे सूत्रही बदलायला लागेल, एवढं लक्षात असू द्या.

आता क्वेस्ट. प्रत्येक लेव्हलच्या गरजेतला ठराविक हिस्सा क्वेस्टमधून यावा असं ठरवा, समजा ३० टक्के. मग वरच्या गुणाकाराला ०.७ ने भागा:

```
B2: =ROUND((A2+4)*(A2+12)/(1-$J$1),-1)
D2: =B2*$J$1
```

J1 मध्ये 0.3. शेवटचं -1 म्हणजे दहाच्या पटीत, खेळणाऱ्याला १०९७ पेक्षा ११०० बरं दिसतं.

लेव्हल २० ला १४२३ चे ११०० झाले, २२ ला १८८२ चे १२६०. पण लेव्हल १० ला ३५२ चे ४४० झाले, म्हणजे रान थोडं महाग झालं. हे मुद्दाम आहे, तिथे दोन मिनिटांत लेव्हल होत होती म्हणून घाट जास्त चढा वाटत होता.

करवंद
टाकलं. मिनिटं, डावीकडे जुनी, उजवीकडे नवी:

```
L    जुनी    नवी
10    2.2    3.3
15    8.8    6.9
20   15.3    8.3
22   18.7    8.8
25    5.9    7.4
28    6.6    8.0
```

कडा गेला! २२ ते २३ मध्ये अजून थोडी घसरण आहे, ८.८ वरून ७. ती सेकंदांमुळे आहे हे कळतंय, कारण घाटातले ३१ आणि गडातले २४. तरसाचं रक्त कमी केलं आणि सेकंद २६ वर आणले तर २० ला ७ आणि २२ ला ७.४ येतं, मग पुढे गडाशी नीट जुळतं. म्हणजे थोडं काम सूत्राने आणि थोडं तरसाने.

पण एक अडचण. ३० टक्के हिस्सा शीटमध्ये आहे, गेममध्ये नाही. घाटात क्वेस्ट जवळपास नाहीतच. तो हिस्सा नुसता मारून भरायचा म्हटलं तर २० ला १६ ऐवजी २३ शत्रू होतात.

खडूस_बाबा
तर मग तिथे ३० टक्के आणायलाच हवेत. १३ ते २२ च्या D ची बेरीज करा, साधारण २७५० येईल. सगळी गोष्ट लिहायची गरज नाही. घाटात बारा बाउंटी ठेवा, प्रत्येकी २३० च्या आसपास, एखादं लंगडं तरस, पुलाखालचा लुटारू, वगैरे. झाकायला नाही, मोजून.

आणि गडातले फुगवलेले क्वेस्ट खाली आणा. २३ चे १५०० आता ४०५ व्हायला हवेत. नाहीतर शीट एक सांगेल आणि गेम दुसरंच करेल.

नाचणी
बारा बाउंटी म्हणजे तेच तरस वेगळ्या नावाने. मारायचंच ना शेवटी?

करवंद
@नाचणी, निदान प्रत्येकाची जागा वेगळी असेल, घाट सगळा फिरावा लागेल. आत्ता सगळे पहिल्याच वळणावर उभे राहून मारत बसतात. पण तुझं नवीन वाराचं म्हणणं मान्य आहे, १६ ला एक वार आणता येतो का बघते.

पॉवरवाला
१५०० चे ४०५?? जे आधी खेळलेत ते शिव्या घालतील. बक्षीस कमी केलेलं लोकांना लगेच कळतं.

खडूस_बाबा
हे खरं आहे. आकडा कमी दिसतो तिथे नाणी किंवा एखादी वस्तू जोडा. बारमध्ये किती टक्के भरलं ते दाखवा, ४०५ हा आकडा दाखवू नका.

ढबू_मिरची
मध्येच घुसतोय, पण सूत्र बदलताय तर लेव्हल १ ची ओळ नीट बघा. पोकेमॉनच्या पहिल्या पिढीत एका गटाचं सूत्र असं होतं, हे एकूण एक्सपीचं:

```
6/5*n^3 - 15*n^2 + 100*n - 140
```

n = 1 टाका, उणे ५४ येतं. गेमला उणे आकडा ठेवताच येत नव्हता, त्यामुळे तो १,६७,७७,१६२ झाला. लेव्हल १ चा पोकेमॉन सहसा मिळत नाही म्हणून लपून राहिलं, पण ग्लिचने मिळवून त्याला ५४ पेक्षा कमी एक्सपी दिला की तो थेट १०० ला. वर्ग आणि घनाची सूत्रं मधे छान दिसतात, टोकाला दगा देतात.

करवंद
बघितलं, माझं १ ला ९० येतं. अधिक चिन्हंच आहेत सगळी, वाचले.

खडूस_बाबा
टोकाचं निघालंच आहे तर अजून एक विचारतो. सेव्ह फाइलमध्ये काय ठेवता, लेव्हल की एकूण एक्सपी?

करवंद
फक्त एकूण एक्सपी. लेव्हल त्यावरून काढते. का?

खडूस_बाबा
मग नवी बिल्ड टाकल्यावर तुमच्या टेस्टरांच्या लेव्हल घसरतील. जुन्या सूत्राने लेव्हल १८ गाठायला एकूण साधारण ६५०० लागायचे. नव्याने ७२०० लागतात, कारण रान महाग झालंय. काल ज्याचा खेळाडू १८ चा होता तो उद्या १७ चा दिसेल, आणि १८ ला लागणारी ढाल अंगावरून गायब. एकूण बेरीज जुन्याची बरीच जास्त आहे, ३० पर्यंत ३७ हजार सातशे विरुद्ध २४ हजारच्या वर थोडं, त्यामुळे वाटतं की सगळ्यांचा फायदाच होईल. पण दोन रेषा एकविसाव्या बाविसाव्या लेव्हलला एकमेकींना छेदतात. त्याच्या खालचे जवळपास सगळे तोट्यात.

सेव्हमध्ये आवृत्ती क्रमांक टाका. जुनी फाइल उघडली की जुन्या सूत्राने लेव्हल आणि पुढच्या लेव्हलचे किती टक्के झालेत ते काढा, आणि तीच लेव्हल आणि तेच टक्के नव्या सूत्राने परत एक्सपीत बदला. हे एकदाच. इथून पुढे लेव्हल आणि टक्केच ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी सूत्र बदललं तरी त्रास नाही.

करवंद
बापरे, हे सुचलंच नसतं. शीटमध्ये जुना आणि नवा एकूण असे दोन कॉलम टाकले, छेद २१ आणि २२ च्या मध्येच दिसतोय.

पॉवरवाला
मान्य, 1.10 माझं घाईचं होतं. पण एक विचारू? तुम्ही धरून चाललाय की खेळणारा आपल्याच लेव्हलचा शत्रू मारतो. मी तर नेहमी दोन तीन लेव्हल खालचेच मारतो, लवकर मरतात म्हणून. २० ला १७ चा मारला तर ४८ ऐवजी ४२ मिळतात.

खडूस_बाबा
चांगला मुद्दा. तसं धरलं तर २० ला १६ ऐवजी अठरा एक शत्रू होतात, पण लवकर मरत असतील तर मिनिटं तेवढीच राहतात किंवा कमीच होतात. लॉगमध्ये शत्रूची लेव्हलही नोंदवा, मग कळेल लोक खरंच काय करतात.

लेव्हल९९
म्हणजे घाटात एकाच जागी उभं राहून मारायचं बंद होणार का? तेच तर भारी होतं.

करवंद
@लेव्हल९९ बंद नाही, पण बाउंटी घेतल्यावर फायदा जास्त. नवी बिल्ड रविवारी रात्री टाकते, सेव्ह बदलायचं काम झालं की. लॉग चालू ठेवून खेळायला कोण कोण तयार आहे ते इथेच सांगा, विशेषतः ज्यांचा खेळाडू १४ ते २१ मध्ये अडकलाय त्यांनी.

नाचणी
मी. पण १६ ला वार नसेल तर परत इथे येऊन लिहीन.

शाळामास्तर
डॉलर चालला. पोरांना आता पातळी दुप्पट नाही, दर वेळी पाच ताऱ्यांनी वाढवतोय. एका मुलाने विचारलं, मग माझे आधीचे तारे? तेही टक्क्यांत बदलू का?